सात डिसेंबरची ओळ

वृद्धांच्या त्या निवासात बावन्न खाटा होत्या, आणि तारीखबाईच्या नजरेखालून कागद गेल्याशिवाय त्यांतल्या एकीवरही कुणाला पाठ टेकता येत नसे. तोंडावर तिला सगळे ताई म्हणत. तारीखबाई हे पाठीमागचं नाव. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. बारा वर्षं एकाच खिडकीशी बसून माणूस काम करतो, त्याला लोकांनी काहीतरी नाव ठेवावंच लागतं. त्यातल्या त्यात हे बरं, असं ती म्हणायची.

तिचं काम म्हणजे दाखल होणाऱ्यांची फाइल तपासणं. डॉक्टरांचा कागद, ओळखपत्र, फोटो ही कामं कुणीही करील. खरी गोम बँकेच्या स्टेटमेंटात होती. पूर्वी एकदा एका मुलानं आईला इथं ठेवताना भरभक्कम स्टेटमेंट दिलं होतं. कागद खराच होता, फक्त सात महिने जुना होता. मधल्या सात महिन्यांत खातं धुऊन निघालं होतं, आणि मुलगा पुढं फोनच उचलेना. तेव्हापासून निवासानं ताज्या स्टेटमेंटचा नियम केला. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, आणि ते फुंकण्याचं काम तारीखबाईकडं आलं.

ती तीन गोष्टी बघायची. पहिली, स्टेटमेंट काढल्याची तारीख; ती तीस दिवसांच्या आतली हवी. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण आज काढलेल्या कागदावर गेल्या वर्षीचा हिशेबही छापून घेता येतो. म्हणून दुसरी, कुठून कुठपर्यंतचा काळ त्यात आहे. मागचे सहा महिने पूर्ण हवेत आणि ते परवा-तेरवापर्यंत यायला हवेत. आणि तिसरी, सगळ्यांत शेवटी झालेला व्यवहार. काळ आजपर्यंतचा लिहिलाय आणि शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची, असं दिसलं की समजायचं, एक तर पानं गाळलीत, नाही तर खातं निजलंय. असा कागद परत जायचा. स्कॅन केलेल्या कागदावर तर आणखी डोळे लावावे लागत. झेरॉक्सवाल्याच्या काचेवर कागद तिरका पडला की तारखेचा निम्मा आकडा कडेला पळून जातो.

बारा वर्षांत तिची नजर तयार झाली होती. पहिल्या पानाचा माथा, मग थेट शेवटच्या पानाची तळओळ. मधल्या पानांशी तिला काम नव्हतं. एका स्टेटमेंटला मिनिटही लागत नसे, आणि या वेगाचा तिला अभिमान होता. कुणाचा नसतो?

त्या डिसेंबरात वरच्या मजल्यावरच्या खोलीतली एक खाट रविवारी रिकामी झाली. दोन खाटांची खोली. दुसऱ्या खाटेवर कंपाउंडरकाकांची बायको होती.

कंपाउंडरकाकांनी चाळीस वर्षं एका दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या. आता ऐंशीच्या घरात, काठीसारखे सरळ, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. मूलबाळ नव्हतं. काकूंची आठवण दोन वर्षांपासून विरत चालली होती. मार्चमध्ये त्या स्वयंपाकघरात गॅस चालू ठेवून जिन्यात जाऊन बसल्या, आणि मग काकांनी त्यांना इथं आणलं. दिवसा काकू बऱ्या असत. ऊन खात बसत, आयांना नावं ठेवत, एकदा तर त्यांनी व्यवस्थापकसाहेबांना सांगितलं होतं, “तुझा शर्ट बदल रे, आई नाही का तुला?” पण अंधार पडला की त्यांना खोली परकी वाटायची. कुणी हात धरला तरच झोप लागायची. हात धरणारा माणूस एकच होता, आणि त्याला सहा वाजता निवासाच्या फाटकाबाहेर जावं लागे. भेटीची वेळ चार ते सहा.

तेवढ्यासाठीच काकांना ती दुसरी खाट हवी होती. घर बंद करायचं, भाड्याचं सामान परत द्यायचं, आणि रात्री बायकोचा हात धरायला इथं येऊन राहायचं. नवराबायकोला पहिला मान, हा निवासाचा नियमच होता. मात्र तीन दिवसांत, म्हणजे बुधवारी दुपारी बारापर्यंत, फाइल पुरी हवी. नाही तर यादीतला पुढचा.

सोमवारी सकाळीच काकांची फाइल मेलवर आली. सगळे कागद नंबर घालून, जसे दवाखान्यात बाटल्यांवर घालत असतील तसे. तारीखबाईच्या पुढ्यात त्या दिवशी सहा फाइली होत्या आणि लेखापरीक्षकाचा माणूस मागं खुर्ची टाकून बसला होता. तिनं स्टेटमेंट उघडलं. काढल्याची तारीख नऊ डिसेंबर, आजचीच. काळ अकरा जून ते आठ डिसेंबर. सहा महिने म्हणजे चालतंय, दोन दिवसांसाठी अडवायला ती काही राक्षस नव्हती. तीनपैकी पान एक, तीनपैकी पान तीन. पानंही पुरी. मग तळओळ: अकरा जून, वीजबिल.

तिनं भुवई उंचावली. सहा महिने खात्यात हालचाल नाही? काकांचं पेन्शन कुठल्या तरी दुसऱ्या खात्यात जात असणार, आणि हे असलं निजलेलं खातं दाखवायला आणलंय. मनात वाईट विचार नव्हता तिच्या. म्हातारी माणसं गोंधळतात, एवढंच. तिनं उत्तर टाकलं: ‘शेवटचा व्यवहार जून महिन्यातील आहे. ज्यात अलीकडचे व्यवहार दिसतात असे स्टेटमेंट द्यावे.’ आणि पुढची फाइल उघडली.

मंगळवारी काही आलं नाही. चार वाजता काका नेहमीसारखे आले, वहीत सही केली, आणि खिडकीशी क्षणभर थांबले.

“काका, ते स्टेटमेंट तेवढं बघा हं,” ती म्हणाली. “उद्या बारापर्यंतच आहे. मग माझ्या हातात काही राहत नाही.”

“बँकेत जाऊन आलो ताई. ज्यांच्या सहीनं मिळतं ते साहेब आज रजेवर. उद्या सकाळी देतो म्हणालेत.”

“झेरॉक्सवाल्याकडून का नाही काढलंत? कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत निघतं.”

काकांनी तिच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलणार होते ते. मग म्हणाले, “नको. बँकेचंच बरं. शिक्का असतो.”

“वा! तुमच्यासारखी माणसं असती तर माझं डोकं इतकं पिकलं नसतं,” ती म्हणाली. काका हसले आणि जिना चढून गेले. पायऱ्यांवर ते दोनदा थांबले, असं तिनं ऐकलं.

बुधवारी बारा वाजले. बारा पाचला व्यवस्थापकसाहेबांनी तिला विचारलं, तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि साहेबांनी यादीतला पुढचा नंबर फिरवला. पलीकडं एक मुलगी होती. तिची आई दीड महिना इस्पितळात पडून होती आणि इस्पितळ आता तिला ठेवायला तयार नव्हतं. मुलगी फोनवरच रडली म्हणे. त्यांची फाइल महिनाभर आधीच पुरी होती, आगाऊ रक्कमही पाऊण तासात आली. म्हातारीला सकाळी रुग्णवाहिकेनं आणायचं ठरलं.

सव्वा वाजता काका आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हातात बँकेचं पाकीट. स्कॅन करायला ते थांबलेच नव्हते. कागदच घेऊन धावत आले होते, म्हणजे त्यांच्या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

“काका,” ती म्हणाली. “खाट गेली हो.”

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग पाकीट खिडकीच्या फळीवर ठेवलं. “बँकेतल्या साहेबांची सही व्हायला साडेबारा झाले,” ते म्हणाले. “मग रिक्षा मिळेना.”

“पुढच्या वेळी पहिला नंबर तुमचाच. मी आत्ताच फाइल पुरी करून ठेवते. यापुढं तुम्हाला काही आणायला लागणार नाही.”

“बरं,” ते म्हणाले. चार वाजायला वेळ होता. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

तिनं पाकीट उघडलं. काढल्याची तारीख अकरा डिसेंबर. काळ अकरा जून ते दहा डिसेंबर. शेवटच्या पानाची तळओळ, दहा डिसेंबर, औषधाचं दुकान. ताजं स्टेटमेंट, पाणी न घातलेलं. तिनं हिरवी खूण केली, आणि फाइलला जोडायला सोमवारच्या नापास स्कॅनचीही छापील प्रत काढली, कारण नापास कागद पास कागदाच्या खाली टाचायची तिची पद्धत होती. दोन्ही कागद तिनं टेबलावर शेजारी शेजारी ठोकून सरळ केले.

नव्या कागदाची सगळ्यांत वरची ओळ होती: अकरा जून, वीजबिल.

तीच ओळ तिनं सोमवारी सगळ्यांत खाली वाचली होती.

तिनं जुन्या कागदाचं पहिलं पान पुढं ओढलं. माथ्यावरचा पत्ता, खाते क्रमांक, काळ, आणि त्याच्या लगेच खाली, जिथं बारा वर्षांत तिची नजर कधी थांबली नव्हती तिथं, पहिली ओळ: सात डिसेंबर, दूध डेअरी. त्याखाली पाच डिसेंबर, औषधाचं दुकान. त्याखाली एक डिसेंबर, पेन्शन जमा. तारखा वरून खाली मागं मागं जात होत्या. कॉम्प्युटरवरून काढलेल्या त्या स्टेटमेंटात नवा व्यवहार वर होता आणि जुना खाली. बँकेच्या छापील कागदात जुना वर आणि नवा खाली. दोन्ही खरे. सोमवारचं स्टेटमेंट तितकंच ताजं होतं. दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शन, दर आठवड्याला औषधं, आणि सगळं तिच्या डोळ्यांदेखत. कडेला पळालेला आकडा शोधून काढणारी तारीखबाई सबंध पान उलटं वाचून बसली होती.

बाकावर काका पाठमोरे बसले होते, मांडीवर दोन्ही हात ठेवून.

ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली. दोन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले. चूक माझी आहे, म्हणाली. नियमाप्रमाणं फाइल सोमवारीच पुरी होती.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही कागद नीट पाहिले, चष्मा काढला, डोळे चोळले.

“ताई, आता त्या बाईला मी काय सांगू? तुझ्या आईला परत इस्पितळात ठेव? तिथं खाट भरली असणार एव्हाना.”

“दुसरी कुठली...”

“बावन्नच्या बावन्न भरल्यात. तुम्हालाच माहीत.”

तिनं दोन्ही कागद पुन्हा त्यांच्याकडं सरकवले.

“पुढची रिकामी झाली की त्यांना देऊ. नवी बाई तिकडं हलवू, काकांना काकूंजवळ आणू. माझा शब्द. पण हे,” त्यांनी कागदांवर बोट ठेवलं, “हे आता बाहेर बोलून काय होणार? तुमचं नाव जाईल, निवासाचं जाईल, आणि त्यांना खाट तर मिळणार नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू द्या.”

राहू दिलं तिनं. हे तिनं पुढं कधी स्वतःला माफ केलं नाही, पण त्या क्षणी साहेबांनी अडवलं याचं तिला बरंच वाटलं होतं, हेही खरं. माणसाला कबूल करायचं असतं, आणि कुणी नको म्हणालं तर तेही हवंच असतं.

त्यानंतरचे दिवस तिला फार लांबले. रोज चारला काका खिडकीशी येत. “काही हललं का ताई?” असं एकदाच विचारत, तेही पहिल्या आठवड्यात. पुढं तेही विचारेनासे झाले. खाट हलणं म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. कुणीतरी गेल्याशिवाय खाट रिकामी होत नाही, आणि तसं विचारणं काकांना अवघड जात असावं.

आपल्या परीनं ती भरपाई करू लागली. सहाची घंटा झाली की ती आपण होऊन वही बंद करायला वेळ लावायची. साहेबांना सांगून काकांना साडेसहापर्यंत परवानगी मिळवली. नव्या बाईच्या मुलीनं खोलीत तक्रार केली की हे आजोबा फार वेळ बसतात, तर तारीखबाई तिच्यावर अशी काही तडकली की साहेबांना मध्ये पडावं लागलं. काका मात्र दर वेळी हात जोडायचे. “तुमचे फार उपकार आहेत ताई.” ते शब्द तिला कानफटात मारल्यासारखे लागायचे. रोज ती ठरवायची, उद्या सांगते. आणि रोज उद्या म्हणजे उद्याच.

घरी तिनं बहिणीला सांगितलं. बहीण म्हणाली, “अगं, एवढं काय? माणसाकडून चूक होते.” तिला राग आला. चूक होते म्हणून तर इतक्या जणांचे कागद तिनं परत पाठवले होते.

एकदा रात्रपाळीची आया सकाळी घरी जाताना खिडकीशी टेकली. “ताई, तुमच्या त्या काकू काल परत उठून दारापर्यंत आल्या. म्हणतात, ते जिन्यात बसलेत, त्यांना आत घ्या. कितीदा सांगायचं?”

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? झोपवलं परत.” आया घाईत होती. कसं झोपवलं, हे तारीखबाईनं विचारलं नाही.

खाट गेल्यापासून तेविसाव्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा जिन्याखाली दोन आया हळू आवाजात बोलत होत्या. पहाटे कधीतरी काकू गेल्या होत्या. झोपेतच, असं डॉक्टरांनी लिहिलं. काकांना सात वाजता कळवलं, आणि ते साडेसातला आले, चारची वाट न बघता पहिल्यांदाच थेट वर गेले. कुणी त्यांना अडवलं नाही.

तारीखबाई वर गेली नाही. तिला जाववलं नाही. ती खिडकीशी बसून राहिली, समोर फाइल उघडी, आणि एकही ओळ वाचता येईना. नेमकी त्याच दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरची एक खाट रिकामी झाली. एका आजीला लेक परदेशी घेऊन गेला. साहेबांनी यादी मागवली. पहिल्या नंबरावर काकांचं नाव होतं. साहेबांनी ते पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि त्यावर रेघ मारली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते असं.

दहा-बारा दिवसांनी काका काकूंची अनामत परत घ्यायला आले. शर्ट तसाच, वरची गुंडी लावलेली, पण गळा आता कॉलरमध्ये सैल पडत होता. अर्ज भरून आणला होता. सोबत सगळे कागद, नंबर घातलेले. तिनं ते घेतले आणि न बघता बाजूला ठेवले.

“काका, आत या. बसा.”

ती त्यांना खिडकीच्या आत घेऊन आली, आपल्या समोरच्या खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. आणि मग तिनं सांगितलं. कसंही सांगितलं, क्रम न लावता. आधी साहेबांचं, मग दोन कागदांचं, मग सोमवारचं. “तुमचं पहिलंच स्टेटमेंट बरोबर होतं काका. मी खालची ओळ वाचली. नवा व्यवहार वर होता. मी वर बघितलंच नाही. तुम्ही सोमवारीच इथं यायला हवे होतात. रात्री त्यांच्याजवळ...” ती रडत होती, आणि रडण्याचा हक्क आपला नाही हे कळत असल्यामुळं जास्तच रडत होती.

काका पाण्याच्या पेल्याकडं पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही.

“माहीत होतं मला,” ते म्हणाले.

तिनं मान वर केली.

“तुमचं उत्तर मी झेरॉक्सच्या दुकानातच वाचलं. दुकानातला पोरगा म्हणाला, आजोबा, त्या बाईंनी उलटं वाचलंय, सात डिसेंबरची ओळ तर वरतीच आहे, फोन करा की.” काकांनी पेला थोडा फिरवला. “नंबर लावलाही होता त्यानं. मीच बंद करायला लावला.”

“का?” तिचा आवाज जवळपास ओरडल्यासारखा आला. “काका, का? एक फोन केला असतात तर... मी लगेच...”

“तुम्ही चांगल्या आहात. ते आता कळलंय. तेव्हा मला काय माहीत?” ते शांतपणे बोलत होते, बरेच दिवस मनात घोळलेलं बोलावं तसे. “मे महिन्यात हिची चादर ओली होती, दोन दिवस बदलली नव्हती. मी आयांना बोललो. जरा जोरात बोललो असेन. त्यानंतर आठ दिवस हिचा चहा गार यायचा. रोज. मी चारला यायचो तेव्हा तो कप तसाच तिथं. कुणी काही म्हणालं नाही, फक्त चहा गार. तेव्हा ठरवलं, इथं कुणाची चूक दाखवायची नाही. मी सहाला जाणार, आणि ही रात्रभर तुमच्या लोकांच्या हातात.”

बाहेर कुणीतरी खिडकीशी येऊन उभं राहिलं. तारीखबाईनं न बघताच हातानं थांबा म्हटलं.

“म्हणून म्हटलं, तुम्हाला जसं वाचायची सवय आहे तसाच कागद आणून देऊ. बँकेच्या छापील कागदात शेवटचा व्यवहार खाली असतो, ते मला माहीत होतं. तुमची चूकही निघणार नाही, माझं कामही होईल. एका दिवसाचा प्रश्न होता. बँकेतले साहेब रजेवर असतील हे काय माहीत?” त्यांनी मान हलवली. “मंगळवारी तुम्ही इथंच विचारलंत मला, कॉम्प्युटरवरून का नाही काढलं म्हणून. ओठावर आलं होतं. नाही बोललो. तेव्हा तुम्ही एकट्याच चुकलात असं समजू नका. रोज रात्री घरी बसून मी तो फोन करतो.”

तिला वाटलं होतं, काका चिडतील, किंवा माफ करतील. दोन्हींची तयारी तिनं केली होती. याची नव्हती. ती बारा वर्षं त्या खिडकीत बसून कागद परत करत होती, आणि कागद परत घेणारं माणूस आपल्याला भीत असेल, असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

“काका, मी...”

“राहू द्या.” ते पुढं झुकले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. “आता मला इथलं काही नको आहे. कुणाचं काही बिघडणार नाही. तर एक खरं सांगाल? रात्री तिला कुणी रागवत नव्हतं ना? उठली, दाराशी आली, तर... हात वगैरे ओढत नव्हतं ना कुणी?”

तारीखबाई सहा-साडेसहाला घरी जायची. रात्री वरच्या मजल्यावर काय होतं, हे तिनं बारा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, आणि विचारायची वेळ आली होती तेव्हा विचारलं नव्हतं.

“नाही हो काका,” ती म्हणाली. “कधीच नाही. आया हात धरून बसायची त्यांचा. झोप लागेपर्यंत.”

काकांनी तिच्या चेहऱ्याकडं बराच वेळ पाहिलं, जसं ती आजवर लोकांच्या कागदांकडं बघत आली होती तसं. मग त्यांनी मान डोलावली.

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि अर्जावर सही कुठं करायची ते विचारलं.